आमरसातलं विष

माझ्या सासुरवाडीवर राजाला विष घातल्याचा आरोप आहे. लग्न ठरवताना हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी बायकोबरोबर तिच्या माहेरी गेलो, तेव्हा कळलं.

सासुरवाडी नामपूरच्या पुढे, एका डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. किल्ल्यावर पूर्वी एक छोटा राजा होता. मोठ्या इतिहासात त्याला जागा नाही, पण गावात त्याची समाधी आहे आणि आखाजीच्या दुसऱ्या दिवशी तिथे जत्रा भरते. घरोघरी खापरावरचे पुरणाचे मांडे होतात, प्रत्येक घराचं ताट समाधीपुढे जातं. गुरव ताट आत घेतो, राजापुढे ठेवतो. नंतर सगळ्या ताटांतलं एकत्र करून प्रसाद म्हणून वाटतात.

आमच्या सासऱ्यांच्या घराचं ताट मात्र आत जात नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने समाधीच्या पायरीपाशी उभं राहून, सगळ्यांदेखत, ताटातला एक घास खाऊन दाखवायचा. या घराण्याचा मूळ पुरुष राजाचा आचारी होता आणि त्याने आमरसात सोमल कालवून राजाला मारलं, असं गाव मानतं. म्हणून आधी चाखा, मग द्या. पण एकदा चाखलं की ताट उष्टं झालं. उष्टं देवापुढे चालत नाही. त्यामुळे ते उंबऱ्याबाहेरच राहतं आणि प्रसादात मिसळत नाही. म्हणजे चाखलं नाही तर विषाचा संशय, चाखलं तर उष्ट्याचा दोष. मी एका कारखान्यात मालाची तपासणी करतो. ज्या चाचणीत माल कसाही असला तरी नापासच होतो, ती चाचणी आम्ही पहिल्याच दिवशी रद्द केली असती.

गावात कोणी शिव्या देत नाही की वाळीत टाकत नाही. सगळं हसतखेळत चालतं. "चाखा, चाखा, जीव जातो का ते बघत थांबतो आम्ही!" असं कोणीतरी ओरडतं आणि लोक हसतात. सासरे होते तोवर तेही हसत. ते गेल्यावर हा घास सासूबाईंकडे आला. त्या हसत नसत. घास घेत, पदराने तोंड पुसत आणि घरी जात.

गेल्या हिवाळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या आमच्याकडे नाशिकला होत्या. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर पहिलं काय बघितलं असेल तर माझा चेहरा. बघून म्हणाल्या, "जवाई, तुम्ही लय म्हातारा दिसतस." मग थोड्या वेळाने मुद्द्यावर आल्या. माझ्या मेहुण्याच्या मुलाचं, म्हणजे त्यांच्या नातवाचं लग्न ठरलं होतं. नवी सून घरात आली की पहिल्या जत्रेला ताट तिच्या हातात जातं, अशी रीत आहे. म्हणजे घासही तिचा.

"परकी पोर आपल्या घरात येणार," त्या म्हणाल्या, "आणि पहिल्याच आखाजीले गावापुढे तिने विष चाखीसन दाखवायचं? आते हे बंद."

"बंद कसं करणार, आई?" बायकोने विचारलं.

"ते हे सांगतील. दिवसभर कारखान्यात खरं-खोटंच करतस ना?"

जत्रेचा कारभार गावातले एक निवृत्त गुरुजी बघतात. जत्रेत संध्याकाळी राजाच्या मृत्यूचं नाटक होतं, ते त्यांच्या आजोबांनी लिहिलेलं. गुरुजी स्वतः राजाच्या भावाच्या वंशातले, आणि नाटकात भावाचं काम दरवर्षी तेच करतात. मी त्यांना फोन केला.

"जावईबापू, माझी काही हरकत नाही," ते प्रसन्न आवाजात म्हणाले. "पुरावा आणा. गाव मानेल. पण आमच्याकडे सात पुरावे आहेत, हेही लक्षात ठेवा."

सात हा आकडा ऐकून मी खूश झालो. आकडा आला की मला काम सुचतं. मी ते सातही मागवले. एका जिल्ह्याच्या माहितीपुस्तकातलं पान, वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीतला लेख, जत्रेची पत्रिका, किल्ल्यांवरच्या एका वेबसाइटचा मजकूर, एका स्मरणिकेतला लेख, गुरुजींच्या वडिलांचं भाषण आणि ते नाटक. दोन रविवार मी जेवणाच्या टेबलावर हे सगळं पसरून बसलो. भाजी निवडायला जागा नाही म्हणून बायको वैतागली.

मी एवढंच बघत होतो की कोणी कोणाकडून घेतलं आहे. वेबसाइटवर पुरवणीतला लेख शब्दशः होता, एका चुकीसकट. लेखात किल्ला गावाच्या पूर्वेकडे दाखवला होता, तो प्रत्यक्षात पश्चिमेला आहे. पुरवणीवाल्याने स्मरणिकेतून घेतलं होतं. स्मरणिकेत लेखक म्हणून गुरुजींच्या वडिलांचंच नाव, आणि त्या लेखात काय, भाषणात काय, त्यांनी आधार दिला होता तो नाटकाचाच. माहितीपुस्तकात "स्थानिक नाट्यपरंपरेनुसार" असं स्पष्ट लिहिलं होतं, पण ते वाक्य वाचायचे कष्ट कोणी घेतले नव्हते. पत्रिका तर नाटकाचीच जाहिरात. सात नळ उघडले, पण टाकी एकच निघाली आणि ती होती नाटक. ते नाटक राजा गेल्यावर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेलं.

"मग झालं की!" बायको म्हणाली. "नाटक खोटं."

"खोटं नाही म्हणता येत. आजोबांनी कुठून तरी ऐकलं असेल. ते कुठून, ते बघायला पाहिजे."

"तुमच्याशी संसार केला याचं मला मेडल द्या," ती म्हणाली आणि निवडलेली मेथी उचलून आत गेली.

नाटकात विषाची चार लक्षणं येतात. राजाचं अंग निळं पडतं. त्याच्या हातातला चांदीचा चमचा काळा पडतो. उरलेला आमरस चाटून कुत्रं मरतं. आणि चितेवर काळीज जळत नाही. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक डॉक्टर राहतात. न्यायवैद्यकाचे मास्तर होते, आता निवृत्त. त्यांना विषबाधेबद्दल विचारायला गेलो तर त्यांनी आधी माझ्याकडे जरा रोखून बघितलं.

"घरी सगळं ठीक आहे ना?"

राजाचं प्रकरण सांगितल्यावर ते खुलले. म्हणाले, कुत्रं आणि न जळलेलं काळीज सोडून द्या. जगात जिथे जिथे कोणी राजा अचानक मरतो, तिथे हे दोघे हजर असतात. ते आढळलेलं नसतं, सांगणाऱ्याने घातलेलं असतं. चांदी गंधकाने काळी पडते. जुन्या काळच्या अशुद्ध सोमलात कधी गंधक असायचं, म्हणून हा समज आला. पण शुद्ध सोमलाने चांदीला काही होत नाही. "उलट अंड्याने होते, कांद्याने होते. तुमच्या सासुरवाडीत चांदीचा चमचा पांढरा राहिला तरच मला आश्चर्य वाटेल."

निळ्या अंगावर मात्र ते थांबले. "हे खरं असू शकतं. पण पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, अंगातलं पाणी संपलं की ओठ, नखं, कातडी निळसर पडते. सोमलाची तीव्र बाधा आणि कॉलरा, दोन्हींत उलट्या, पाण्यासारखे जुलाब, पायात गोळे, एकदोन दिवसांत मृत्यू. पूर्वी चांगले चांगले वैद्य फसले आहेत. खून करणाऱ्यांनी त्याचा फायदाही घेतला आहे."

"मग फरक कसा ओळखायचा?"

"शरीर असेल तर केस, नखं, हाडं तपासता येतात. तिथेही आजूबाजूच्या मातीत किती सोमल आहे ते आधी मोजावं लागतं, नाहीतर जमिनीतलं मुरलेलं तुम्ही राजाच्या नावावर टाकाल. पण तुमच्या राजाला जाळलं ना? मग राखेतून काही मिळणार नाही. आगीत सोमल उडून जातं. शरीर नसेल तर एकच बघायचं. त्याच दिवसांत आणखी कोण आजारी पडलं? आणि ते राजाच्याच पंक्तीला होते का?"

हे वाक्य मी घरी येऊन दोनदा स्वतःशी म्हटलं.

आता त्या काळचे कागद हवे होते. शहरात मोडी वाचणाऱ्या एक बाई आहेत. सत्तरी ओलांडलेल्या, शाळेत गणित शिकवायच्या. जुन्या दप्तरांच्या छापील याद्या त्यांच्याकडे असतात आणि कुठलं दप्तर कुठे बघायचं ते त्यांना तोंडपाठ आहे. पहिल्याच भेटीत त्यांनी मला अट घातली.

"तुम्हाला काय निघायला हवं आहे, ते मला सांगायचं नाही. नाहीतर मला तेच दिसायला लागेल."

"बरं."

"चेहऱ्यावरूनही सांगायचं नाही. तुमचा चेहरा फार बोलका आहे."

चार महिन्यांत आम्हाला त्या मृत्यूबद्दल दोन कागद सापडले. बाईंनी ते वाचून दाखवले आणि मी समोर बसून भिंतीकडे बघत होतो. पहिला कागद शेजारच्या ठाण्यातल्या एका कारकुनाने वरच्या अधिकाऱ्याला पाठवलेली बातमी होती, राजा गेल्यावर पंधरवड्याच्या आत लिहिलेली. भाद्रपद वद्यात राजाला उलट्या-जुलाब सुरू झाले, दुसऱ्या रोजी तो गेला. किल्ल्यावरचे काही शिपाई आणि खालच्या वस्तीतली माणसंही त्याच दुखण्याने गेली, म्हणून वसुलीला उशीर होईल. कारकुनाला राजाचं दुःख नव्हतं, वसुलीची काळजी होती. बाई म्हणाल्या, म्हणूनच त्याच्यावर जरा जास्त विश्वास ठेवावा. त्याला विष लपवण्यातही फायदा नव्हता आणि सांगण्यातही.

दुसरा कागद दहाबारा वर्षांनंतरचा. गादीवर हक्क सांगणाऱ्या, राजाच्या एका चुलत्याचा अर्ज. त्यात विषाचा उल्लेख होता. राजाच्या भावाने खाण्यात काही घातलं असं लोक बोलतात, अशा अर्थाचा. आचाऱ्याचं नाव नाही, आमरस नाही. "लोक बोलतात" एवढंच. कोण लोक, कोणी बघितलं, काही नाही. आणि अर्ज करणाऱ्याला गादी हवी होती.

"हा कागद तुमच्या उपयोगाचा आहे का?" बाईंनी विचारलं.

"त्या भावाचं घराणं म्हणजे आमच्या गुरुजींचं घराणं."

"अरे वा. मग तर मजा."

मजा खरीच होती, पण मला ती वापरावीशी वाटेना. आचाऱ्याविरुद्धची अफवा मी खोडायची आणि भावाविरुद्धची तितकीच हलकी अफवा, केवळ सोयीची आहे म्हणून, खिशात घालायची, हे जमेना. बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "लपवूही नका. जे आहे ते त्याच्या वजनासकट सांगा."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगत होतो. ती गवार मोडत होती. भाद्रपद म्हणताच ती थांबली.

"भाद्रपद वद्य म्हणजे पितृपंधरवडा. गुरवाच्या घरचे त्या दिवसांत समाधीवर दिवा लावतात, लहानपणी मी बघितलंय. म्हणजे राजा तेव्हाच गेला?"

"असं दिसतंय."

"मग आमरस कुठून आला? भाद्रपदात आंबे?"

एवढे महिने मी कागद चाळत होतो आणि हे मला सुचलं नव्हतं. तीच पुढे हसत म्हणाली, "अहो, जत्रा आखाजीला ना! आखाजीला आमच्याकडे प्रत्येक घरी आमरस असतो. नाटकात राजाला वाटी द्यायची तर स्टेजवर काय आणणार? ज्याच्या घरी जे असेल ते!"

हेच घडलं असणार. मृत्यूची तिथी गुरवाच्या दिव्यापुरती राहिली. जत्रा शेतीची कामं उरकल्यावर, लेकी माहेरी येतात त्या आखाजीला धरली गेली. नाटक जत्रेत झालं आणि जत्रेतला आमरस नाटकाच्या वाटीत, मग वाटीतून इतिहासात गेला. घरोघरी आमरस असूनही गावाने इतकी वर्षं तो समाधीपुढे ठेवला नाही, तो विषाच्या याच गोष्टीमुळे. आणि आमरस आला तसा तो करणारा आचारी आला. वाटी भरायला कोणीतरी लागतंच.

सासूबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तर विष नव्हतं?"

"आई, तसं नाही म्हणता येत. पटकी असण्याची शक्यता बरीच जास्त आहे, कारण वस्तीतली माणसंही गेली आणि ती काही राजाच्या ताटात जेवत नव्हती. पण साथ चालू असताना कोणी विषही देऊ शकतो. आपल्या घराविरुद्ध पुरावा नाही, एवढं नक्की."

"हा का नही, सरळ सांगा."

"सरळ हेच आहे."

सासूबाई म्हणाल्या, "पोरगीच्या हातात ताट राहीन, जवाई. गावासमोर असं आडवंतिडवं बोलू नका."

जत्रेच्या दिवशी सकाळी समाधीसमोरच्या पारावर पंच बसले. नवी सून ताट घेऊन उभी होती. बी.कॉम. झालेली, निफाडकडची मुलगी. तिला हे सगळं लग्नानंतरच समजलं होतं आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी तिचा वकील आहे. मी सात पुराव्यांची एक टाकी सांगितली. डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. कांद्याच्या चमच्याला हशा झाला. मग भाद्रपद सांगितला.

बायकांच्या बाजूने आधी कुजबुज आली. एक आजीबाई मोठ्याने म्हणाल्या, "भादव्यात आमरस! राजा काय बाटलीतला पीत होता?" सगळा पार हसला. गुरुजीही हसले, पण ते कच्चे नव्हते.

"आमरस सोडा, जावईबापू. खीर असेल, भात असेल. आजोबांनी वाटी बदलली असेल. मला एकच सांगा. छातीवर हात ठेवून सांगा, राजाला विष दिलं गेलं नाही."

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. "नाही दिलं" एवढे दोन शब्द बोललो असतो तर काम झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. आताही वाटतं.

"ते मला सांगता येणार नाही," मी म्हणालो.

सासूबाईंनी डोळे मिटले. बायकोने कपाळावर हात मारला, तो आवाज मला ऐकू आला.

"झालं तर!" गुरुजी म्हणाले. "सिद्ध होत नाही, मग जुनं आहे ते चालू राहील."

"गुरुजी, एक कागद राहिला," मी म्हणालो, आणि चुलत्याचा अर्ज सांगितला. कोणी लिहिला, किती वर्षांनी, कशासाठी, आणि त्यात "लोक बोलतात" यापलीकडे काही नाही, हेही. "माझ्या मते हा पुरावा नाही. तुमच्या घराण्यावर मी काही आरोप करत नाही. पण विषाबद्दल लेखी असं हेच सगळ्यात जुनं आहे, आणि ते नाटकापेक्षा शंभर वर्षांनी जवळचं आहे. ऐकीव गोष्टीवर घास चाखायचा असेल, तर दोन घरांनी चाखायला हवा. नसेल, तर एकानेही नको. कुठलंही चालेल, पण माप एकच लावा."

मग मागून कोणीतरी ओरडलं, "मंग गुरुजी, तुम्ही बी चाखा!"

"उष्टं ताट बाहेर ठेवा!" दुसरा म्हणाला.

"नाटकात भाऊ दरसाल राजासाठी रडस, आते समजनं का रडस ते!"

गुरुजींचा चेहरा लाल झाला. ते मला म्हणाले, "तो कागद खोटा असू शकतो."

"असू शकतो."

"चुलत्याचा स्वार्थ होता."

"होता. मी तेच म्हणतो आहे."

"कोणीतरी काहीतरी बोललं म्हणून माझ्या घरावर..." आणि ते मध्येच थांबले. वाक्य पूर्ण करायची गरज राहिली नव्हती. गावानेच ते पूर्ण करून घेतलं. पंचांपैकी एकाने गुरवाला हाक मारली आणि म्हणाला, "घ्या ताटं आत. सगळी. ऊन चढलं."

गुरव पायरीवर आला. नव्या सुनेने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई तिच्याजवळ गेल्या, तिचा हात ताटासकट पुढे केला आणि म्हणाल्या, "दे." गुरवाने ताट घेतलं आणि उंबरा ओलांडून इतर ताटांच्या रांगेत ठेवलं.

दुपारी प्रसाद वाटला. सगळे मांडे एकत्र केलेले, कोणाचा कुठला ते ओळखू येत नव्हतं. गुरुजी पंगतीत माझ्या समोरच बसले होते. पानातल्या मांड्याकडे त्यांनी एकदा बघितलं. मग तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि चावत राहिले.

"पुरण जरा कमी गोड शे," ते म्हणाले.

वाढायला आलेल्या सासूबाई थांबल्या. "ते आमनं नही," त्या म्हणाल्या. "आमनं गोड व्हतं." आणि गुरुजींच्या पानात आणखी एक मांडा वाढला.